डोसनंतरचं न्हाणं

दीड महिन्याच्या बाळाला अंगणवाडीतून डोस देऊन आणलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो न्हाण्याचा. सकाळी मालीशवाली मावशी येऊन गेलेली असेल तर ठीक; पण बाई संध्याकाळची येणारी असेल तर आजी तिला दारातूनच परत पाठवते. "आज डोस झालाय, आज पाणी नको. दोन दिवसांनी या." दोन दिवसांनी मावशी येते, मांडीत वाटाण्याएवढी गाठ तिच्या अंगठ्याला लागते आणि ती म्हणते, "गाठ बसलीय, जिरवते." कोमट तेल घेऊन ती नेमकी तीच जागा रगडायला लागते आणि वर ओव्याच्या पुरचुंडीने शेकही देते. बाळ किंचाळतं. कोणी तिला अडवत नाही, कारण न्हाणं टाळलं म्हणजे पथ्य पाळून झालं असं घराला वाटत असतं.

मी बालरोगतज्ज्ञ म्हणून तालुक्याच्या गावी बसतो, आणि हे दृश्य इतक्यांदा ऐकलंय की आता आईने "डॉक्टर, गाठ…" म्हटलं की मी आधी मावशीची चौकशी करतो. यात गंमत अशी की जे निरुपद्रवी ते घराने वर्ज्य केलं आणि जे नको ते मन लावून केलं.

आधी पाण्याचं बघू. त्या दिवशी बाळाला तीन टोचण्या होतात: डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, उजव्या मांडीत न्यूमोनियाची लस आणि उजव्या दंडावर कातडीत पोलिओचं छोटं इंजेक्शन. शिवाय तोंडात पोलिओचे थेंब आणि रोटाची लस. मांडीतल्या टोचणीची सुई साधारण अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीची, म्हणजे शिवणाच्या सुईहून फार वेगळी नाही. लस खाली स्नायूत जाते आणि सुई निघाल्यावर ते भोक मिटतं. वरून पाणी ओतलं म्हणून लस धुऊन निघत नाही आणि पाणी आतही शिरत नाही. कोमट पाण्याने नेहमीसारखं न्हाऊ घालायला त्याच दिवशीही हरकत नाही. बाळ तापलेलं असेल, रडून दमलेलं असेल, तर अंग पुसून घ्यावं. पण ते त्याच्या त्रासासाठी, लसीसाठी नाही.

मग ही मनाई आली कुठून? माझा तर्क असा आहे की ती देवीच्या काळातून आली. 14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. भारतातली ती पहिली. पुढची पावणेदोनशे वर्षं आपल्याकडे लस म्हणजे 'देवी टोचणं'. त्या लसीत जिवंत विषाणू असे आणि तो कातडीवर खरोखरची पुळी उठवत असे. तीन-चार दिवसांनी लाल फोड, आठवड्याभरात पाण्याने भरलेली पुळी, मग पू, मग खपली, आणि खपली पडायला दोन-तीन आठवडे. त्या पाण्यात आणि खपलीत विषाणू जिवंत असायचा. ओला हात तिथून डोळ्याला लागला तर डोळ्यात पुळी उठायची. तिथे जागा कोरडी ठेवणं, न चोळणं हे शहाणपणच होतं. त्यातच देवी आलेल्या घरातले नियमही होते: खपल्या पडेपर्यंत न्हाणं नाही, घरात फोडणी नाही, उशाशी कडुनिंबाचा डहाळा. देशातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण 1975 सालचा. रोग गेला, लस थांबली, सत्तरीतल्या आज्यांच्या दंडावर वण राहिला आणि त्यांच्या बोलण्यात तिचं पथ्य.

देवीच्या लसीच्या जवळ जाणारं आजच्या यादीत एकच इंजेक्शन आहे, ते म्हणजे जन्मल्यावर डाव्या दंडावर दिलं जाणारं बीसीजी. त्याचा फुगवटा अर्ध्या तासात जिरतो आणि सगळे विसरून जातात. दोन-तीन आठवड्यांनी तिथे लाल गाठ येते, ती फुटते, थोडा पू येतो, आणि दीड ते तीन महिन्यांत वण होऊन बरी होते. हे असंच व्हायला हवं. त्यावर हळद, चुना, मलम काही लावायचं नाही, पिळायचं नाही. अंघोळीचं पाणी लागलं तर चालतं. टिपून कोरडं करायचं आणि सुती कपडा सैल ठेवायचा. काखेत मोठी गाठ आली किंवा जखम तीन महिन्यांनंतरही ओलीच असेल, तर मात्र दाखवायचं.

आता मांडीतली गाठ. पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोनियाच्या लसीत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो. लस एकदम विरून न जाता जागेवर थोडी टिकावी, शरीराच्या पहारेकऱ्यांना तिथे जमायला वेळ मिळावा, म्हणून तो घातलेला असतो. ते जिथे जमतात तिथे टणकपणा येतो. दुखणं दोन-तीन दिवसांत जातं, गाठ कधी कधी काही आठवडे हाताला लागत राहते आणि आपोआप विरघळते. चोळल्याने ती लवकर जात नाही. सूज आणि दुखणं मात्र वाढतं. शेकाने तर दीड महिन्याच्या कातडीला चटका बसतो. मी असे गोल चट्टे पाहिले आहेत, ओव्याच्या पुरचुंडीएवढे. पहिल्या दिवशी दुखत असेल तर स्वच्छ कापड साध्या थंड पाण्यात भिजवून, पिळून ठेवावं. मावशीला परत पाठवायची गरज नाही. हात, पाठ, पोट चोळू दे, न्हाऊ घालू दे; मांड्या मात्र दुखणं जाईपर्यंत सोडायला सांगा, आणि नंतरही गाठ दिसली तर ती जागा सोडून. जी गाठ दिवसागणिक मोठी होते, वरची कातडी लाल आणि गरम लागते, मध्ये मऊ पडते किंवा पू दिसतो, ती साधी गाठ नाही. ती डॉक्टरांनी बघायची.

तापाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण ज्याने खरंच इजा होऊ शकते अशी गोष्ट इथे आहे. पेंटाव्हॅलंटमधल्या डांग्या खोकल्याच्या भागात त्या जंतूची पूर्ण, मारलेली पेशी असते, त्यामुळे ताप येतो. तो बहुधा त्याच संध्याकाळी चढतो आणि दोन दिवसांत उतरतो. सिस्टर पॅरासिटामॉल देतात किंवा सांगतात. बाळाचं वजन साडेचार किलो धरू. एका वेळचा डोस किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे या बाळाला 45 ते 67 मिलिग्रॅमच्या दरम्यान. आता दुकानात हेच औषध किमान दोन रूपांत मिळतं. एक साधं सिरप, 5 मिलीत 125 मिलिग्रॅम. त्यातून दोन ते अडीच मिली द्यावं लागेल. दुसरं ड्रॉपरवालं 'ड्रॉप्स', 1 मिलीत 100 मिलिग्रॅम. त्यातून अर्धा मिली पुरे, फार तर त्याहून किंचित जास्त. नाव तेच, चव तशीच, बाटली मात्र लहान. बायकांना वाटतं लहान बाटली म्हणजे लहान बाळाचं सौम्य औषध. प्रत्यक्षात ते चौपट घट्ट असतं.

एक आई माझ्याकडे आली होती. मोठ्या मुलीच्या वेळी सिस्टरने "अडीच मिली" सांगितलेलं तिच्या लक्षात होतं. या वेळी दुकानदाराने ड्रॉप्स दिले आणि तिने जुन्याच हिशेबाने अडीच मिली पाजले. म्हणजे 250 मिलिग्रॅम, जवळजवळ चौपट. दुसरा डोस द्यायच्या आधी तिच्या नणंदेने बाटली वाचली, म्हणून ते एकदाच झालं आणि बाळाला काही झालं नाही. हेच दिवसातून चार वेळा, दोन दिवस चाललं असतं तर यकृताची गोष्ट होती. त्यामुळे डोस विचारताना "किती द्यायचं" एवढंच विचारू नका. बाटली समोर धरा आणि "या बाटलीतलं किती मिली" असं विचारा. दोन डोसांमध्ये सहा तास ठेवावेत, दिवसात चारपेक्षा जास्त नाहीत. आणि ताप येण्याआधीच, येईल म्हणून पाजू नये. चेक प्रजासत्ताकात 459 बाळांवर केलेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की आधीपासून पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांना ताप कमी आला खरा, पण काही लसींची प्रतिकारद्रव्यंही कमी बनली. ताप आल्यावर, बाळ बेचैन असेल तर द्यावं; नुसतं अंग कोमट लागतंय म्हणून नाही.

खाण्यापिण्याची पथ्यं तर घरागणिक वेगळी. पोलिओचे थेंब दिल्यावर अर्धा तास अंगावर पाजायचं नाही, हे सगळ्यात जुनं. त्याला आधार नाही. थेंबांच्या आधी आणि नंतर लगेच पाजता येतं, आणि टोचल्यावर बाळाला गप्प करण्याचा त्याहून चांगला उपाय माझ्या माहितीत नाही. दुसरं पथ्य आईचं: तिने आंबट, वांगं, बटाटा खाल्ला तर बाळाची मांडी 'पिकते'. मांडी पिकते ती सुई, हात किंवा कातडी अस्वच्छ असल्याने जंतू आत गेले तर. आईच्या ताटातलं वांगं तिथे पोचत नाही. बाळंतीण आधीच अर्धपोटी असते. तिच्या ताटातून आणखी एक भाजी काढू नका.

नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लसीत दोष हमखास केळ्यावर येतो. ही लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची. ते शरीरात थोडे वाढतात आणि मग ताप येतो, म्हणून हा ताप त्याच रात्री न येता साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी येतो, कधी अंगावर हलकी पुरळही दिसते. तोवर डोस सगळे विसरलेले असतात. आदल्या दिवशी मुलाने केळं खाल्लेलं असतं, किंवा मामाने आइस्क्रीम चाटवलेलं असतं, आणि निकाल तिथेच लागतो. एक-दोन दिवस राहणारा, खेळत्या मुलाचा हा ताप घाबरण्याचा नाही.

खाण्यातली खरी काळजी उलट्या बाजूची आहे: उपाशी येऊ नये. शाळेत दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन देताना रांगेतली एखादी मुलगी हमखास कोसळते, विशेषतः उपवास असेल, पाणीही प्यालेली नसेल तर. ही भोवळ असते. चेहरा पांढरा, घाम, नाडी मंद. आडवं करून पाय उंच केले की मिनिटा-दोन मिनिटांत डोळे उघडतात. धोका भोवळीचा नसतो, डोकं फरशीवर आपटण्याचा असतो. म्हणून बसवून किंवा निजवून टोचावं आणि पंधरा मिनिटं उठू देऊ नये. याच्याशी जिची गल्लत होते ती तीव्र अ‍ॅलर्जी वेगळी आणि अतिशय दुर्मीळ, दहा लाख डोसांमागे साधारण एखादी. तिच्यात नाडी जोरात धावते, अंगावर गांध्या उठतात, ओठ-डोळे सुजतात, आवाज बसतो, धाप लागते, आणि आडवं केल्याने काही सुधारत नाही. तिथे मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन ताबडतोब लागतं आणि ते सिस्टरच्या पेटीत असतं. ही अ‍ॅलर्जी आली तर बहुतेक वेळा काही मिनिटांतच येते, म्हणून केंद्रावर अर्धा तास थांबायला सांगतात. लोक न्हाण्याचं पथ्य दोन दिवस पाळतात आणि हा अर्धा तास रिक्षा उभी आहे म्हणून मोडतात.

दारूचा प्रश्न माझ्याकडे मुलांचे बाप विचारतात, तोही कुत्रं चावल्यावर, आणि आवाज बारीक करून. "चौदा दिवस मटण-दारू बंद ना?" हे चौदा कुठले, ते मात्र नक्की सांगता येतं. डेव्हिड सेंपल यांनी 1911 मध्ये कसौलीला रेबीजची जी लस तयार केली, ती मेंढीच्या मेंदूपासून बनवत. पोटात रोज एक, अशी चौदापर्यंत इंजेक्शनं. मेंदूचा अंश शरीरात गेल्याने क्वचित माणसाच्या स्वतःच्याच मज्जातंतूंवर शरीराचा हल्ला व्हायचा आणि लकवा यायचा. त्या भीतीने रुग्णाला दारू, दमणूक, जागरण टाळायला सांगत. मटण बहुधा त्या यादीत आपल्या लोकांनी मागाहून घातलं. ती लस आपल्याकडे 2004 च्या अखेरीस बंद झाली. आजची लस पेशींवर वाढवलेल्या, मारलेल्या विषाणूची असते, दंडात देतात, पोटात नाही. आणि तिला ना मटणाचं वावडं आहे ना मासळीचं.

पण हे पथ्य निरुपद्रवी नाही. चावा आषाढात झाला आणि पुढचा डोस गटारी अमावास्येच्या आसपास पडला की लोक डोसच टाळतात. प्यायलेला माणूस "आज घेतलीय, आज इंजेक्शन चालणार नाही" म्हणून घरी बसतो. माझ्या ओळखीच्या एका ट्रॅक्टर-ड्रायव्हरने शून्य आणि तिसऱ्या दिवसाचे डोस घेतले, मग घरच्या लग्नात घेतली म्हणून सातव्या दिवसाचा सोडला, आणि 'पथ्य मोडलं, आता उपयोग नाही' असं ठरवून पुढचेही सोडणार होता. त्याला बोलावून आणून राहिलेला डोस त्याच दिवशी दिला. डोस लांबला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. जिथे थांबलं तिथून पुढे चालू. रेबीज झाल्यावर वाचवता येत नाही, त्यामुळे दारू प्यायलेल्यानेही डोस घ्यायचाच.

चाव्यानंतर खरी काळजी तीन जागी लागते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुणं, आणि पंधरा म्हणजे घड्याळातली पंधरा. तिच्यावर मिरची, चुना, तेल न लावणं. आणि रक्त निघालं असेल तर लसीबरोबर जखमेत देण्याचं इम्युनोग्लोब्युलिन मागून घेणं. ते पहिल्या डोसनंतर सात दिवसांच्या आतच उपयोगी पडतं. कोणी दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या, कर्करोगाची किंवा मलेरियाची औषधं घेत असेल तर ते आधी सांगावं. लसीत खरंच खोडा घालू शकतात त्या या गोळ्या; तांबडा रस्सा नाही.

दारूबद्दल एक अलीकडची गोष्ट. डिसेंबर 2020 मध्ये रशियात स्पुतनिक लसीसाठी सरकारी अधिकाऱ्यांनी आधी दोन आठवडे आणि नंतर 42 दिवस दारू बंद ठेवायला सांगितलं. लोक खवळले. मग लस बनवणाऱ्या संस्थेचे प्रमुख गिंट्सबर्ग म्हणाले, प्रत्येक डोसनंतर तीन दिवस पुरे. एकाच लसीसाठी बेचाळीस आणि तीन! आकडे कसे ठरतात ते यातून कळतं. एखाद-दुसऱ्या पेगने लस बिघडते असं दिसलेलं नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची प्रतिकारशक्ती मुळातच खालावलेली असते, पण ती डोसच्या आठवड्यात सुधारत नाही. त्या रात्री न पिण्याचं कारण साधं आहे: अंगदुखी, डोकेदुखी, मळमळ लसीची की दारूची हे कळत नाही, आणि वरून पॅरासिटामॉल घेतलं तर यकृतावर दुहेरी बोजा पडतो.

झोपेबद्दल लोक फार विचारत नाहीत, आणि थोडीफार तथ्याची गोष्ट नेमकी तिथेच आहे. शिकागोतल्या एका अभ्यासात (2002) तरुण पुरुषांना काही रात्री फक्त चार तास झोपू दिलं आणि त्या दरम्यान फ्लूची लस टोचली. दहाव्या दिवशी त्यांची प्रतिकारद्रव्यं नेहमीसारखं झोपणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी होती. तीन-चार आठवड्यांनी मात्र फरक उरला नाही. म्हणजे रात्रपाळीच्या आठवड्यात लस घेतली तर ती वाया जात नाही. जमलं तर दोन रात्री नीट झोपून घ्यावं, नाही जमलं तर लस पुढे ढकलू नये. 'टोचलेल्या हातावर झोपलं की लस पसरत नाही' हे मी ऐकलं आहे. हात दुखतो म्हणून दुसऱ्या कुशीवर वळायचं, एवढाच त्याचा अर्थ.

बाळांचं उलट असतं. डोसच्या रात्री आई फोन करते: "दुपारपासून झोपलंय, उठवू का?" टोचून घेतलेली बाळं त्या दिवशी जास्त झोपतात, हे ठाऊकच आहे. मी विचारतो: दुपट्यातून काढलं, तळव्याला गुदगुल्या केल्या, तर डोळे उघडतं का? अंगावर घेतलं तर ओढतं का? लंगोट ओला झाला का? तिन्हींना हो असेल तर झोपू द्यावं, आणि नेहमीच्या वेळेला उठवून पाजावं. पण बाळ हातात कापडासारखं लोंबतंय, ओठ फिके किंवा निळसर दिसताहेत, हाक मारल्यावर प्रतिसाद नाही. किंवा झटका आला. किंवा उलट, तीन तास सलग, कशानेही न थांबणारं रडणं चाललंय. किंवा ताप दोन दिवसांनंतरही उतरत नाही आणि ते पीत नाही. तर रात्र कितीही झालेली असो, निघायचं. जाताना लसीचं कार्ड बरोबर घ्या. त्यावर कोणती लस कुठल्या मांडीत, ते सगळं लिहिलेलं असतं, आणि रात्रपाळीच्या डॉक्टरला पहिल्यांदा तेच लागतं.